टाच उचलली की थांबायचं

काशीगावात हायवेच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले तशा त्यांच्या तळमजल्यावर जिमही आल्या. त्यातल्या एकीत संध्याकाळच्या बॅचला मी नवख्यांना स्क्वॉट शिकवतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : “सर, पुरेसं खाली जातंय का?” विचारताना नजर आरशाकडे असते आणि आरसा नेमका इथेच फसवतो. समोरून पाहिलं तर गुडघे मांडीला झाकतात, त्यामुळे अर्ध्यावर थांबलेला माणूसही खोल बसल्यासारखा दिसतो. मान वळवून बाजूच्या आरशात पाहायला गेलं, तर बसण्याची ढबच बदलते.

त्यापेक्षा मोबाईल बाजूला एका बाकावर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर टेकवावा आणि पाच स्क्वॉट टिपावेत. कॅमेरा फार वर धरला किंवा जमिनीवर ठेवला की खोलीचा अंदाज चुकतो. चित्र थांबवून दोन जागा बघायच्या : जांघेची घडी आणि गुडघ्याचा वरचा भाग. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली गेली तरच लिफ्ट ग्राह्य धरतात. नवख्याला स्पर्धा खेळायची नसते. त्याची घडी गुडघ्याच्या पातळीपर्यंत आली आणि पाचही वेळा तिथेच आली, तर माझ्या लेखी खोली पुरेशी. पहिले दोन खोल आणि शेवटचे तीन उथळ असतील, तर वजन जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पण घडी खाली येण्याआधी दुसरं काहीतरी ढळत असेल, तर ती खोली त्याची नव्हे. म्हणून त्याच चित्रात टाच आणि कंबरही बघायची. टाच जमिनीवरून सुटली का? माकडहाड आत वळून कंबर गोल झाली का? अगदी तळाला कंबर थोडी वळते, ते बहुतेकांचं होतं आणि त्याने घाबरायचं कारण नाही. निम्म्या वाटेवरच वळायला लागली आणि खांद्यावर वजन असेल, तर मात्र तिथून वर यायचं. टाचेचंही तसंच. टाच सुटते त्याच्या बोटभर वर आजची हद्द.

आता टाच का सुटते? खाली बसताना तोल पावलाच्या मध्यावर राहायचा, तर गुडघा पुढे जायला हवा आणि नडगी पुढे झुकायला हवी. हे झुकणं घोट्यात होतं. घोटा अडला की शरीरापुढे दोनच वाटा उरतात : टाच उचलायची किंवा छाती पुढे पाडायची. दोन्ही करायचं नाही म्हटलं, तर माणूस मागे कोसळतो.

घोटा किती वाकतो हे भिंतीपाशी कळतं. अनवाणी उभं राहून अंगठा भिंतीकडे करायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे न्यायचं, पुन्हा टेकवायचं. टाच सुटण्याआधीची शेवटची जागा धरायची आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. दहा सेंटिमीटरच्या आसपास भरलं, तर स्क्वॉटपुरता घोटा मोकळा आहे. पाच-सहा भरलं, तर अडचण तिथेच असण्याची शक्यता दाट. गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला पडू द्यायचा नाही, नाहीतर तळवा आत कोसळतो आणि माप फुगतं.

तालमीत घडलेल्यांना ही परीक्षा हमखास चकवते. रोज बैठका मारणारा गडी टाच टेकवून बसायला सांगितलं की अडखळतो, कारण आपली देशी बैठक टाचा उचलूनच मारतात. तिथे पुढे झुकायचं काम घोट्याला पडतच नाही. उलट गावातल्या जुन्या घरांतली म्हातारी माणसं टाचा टेकवून उकिडवी बसतात, त्यांना जिम ठाऊक नसली तरी त्यांचे घोटे तयार असतात. लाहोरच्या मेडिकल कॉलेजातले हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९० च्या दशकात पंजाबी माणसांच्या पायांची हाडं तपासली होती. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या समोर, उकिडवं बसण्याच्या सवयीशी जुळणाऱ्या घासल्यासारख्या चकत्या त्यांनी नोंदवल्या. खोल बसताना नडगीचं हाड आणि त्याखालचं घोट्याचं हाड समोरच्या बाजूला एकमेकांना भिडतात, हे त्यावरून दिसतं.

घोटा अडतो तो दोनपैकी एका जागी : मागे मांसात किंवा समोर सांध्यात. कुठे, ते भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसालाच विचारायचं. पोटरीच्या खालच्या भागात किंवा टाचेच्या शिरेत ताण जाणवत असेल, तर अडथळा मागचा. पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा, गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो. त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघा ओलांडत नाही आणि स्क्वॉटमध्ये ताणतो तो हाच. तरीही जिममध्ये सगळे गुडघा सरळ ठेवून भिंतीला रेटा देतात आणि भलताच स्नायू ताणतात. मागचा पाय गुडघ्यात वाकवून तोच रेटा अर्धा मिनिट द्यायचा, दोन-तीन वेळा, रोज. फरक दिसायला काही आठवडे जातात.

समोर, घोट्याच्या घडीत चिमटा बसल्यासारखं वाटत असेल, तर पोटरी कितीही ताणली तरी उपयोग नाही. आमच्या बॅचला बँकेत नोकरी करणारा एक जण येतो, वय तिशीचं. स्क्वॉट करताना त्याची उजवी टाच सुटायची आणि सगळं अंग डावीकडे झुकायचं. भिंतीपाशी डावा पाय अकरा सेंटिमीटर भरला, उजवा सहा. “पोटऱ्या तर रोज ताणतो, सर,” तो म्हणाला. ताण कुठे जाणवतो असं विचारल्यावर त्याने बोट घोट्याच्या समोर ठेवलं. कॉलेजात क्रिकेट खेळताना तो पाय जोरात मुरगळला होता, सूज उतरल्यावर त्याने पुन्हा लक्ष दिलं नव्हतं. अशा मुरगळीनंतर घोट्याचं हाड मागे सरकायचं तितकं सरकत नाही आणि नडगी पुढे आली की समोर अडते.

मी त्याच्या दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट ठेवली. पहिल्याच फेरीत जांघेची घडी गुडघ्याच्या पातळीला आली आणि अंगही सरळ राहिलं. म्हणजे खुबे ठीक होते, ताकद ठीक होती, अडलेला होता तो घोटाच. टाच उचलूनही खोली वाढली नसती, तर मी खुब्याकडे आणि मांडीच्या लांबीकडे पाहिलं असतं. लांब मांडीच्या माणसाला तितक्याच खोलीसाठी घोट्यातून जास्त झुकावं लागतं, आणि ती लांबी काही ताणून कमी होत नाही.

फिजिओथेरपिस्टने त्याचा घोटा तपासला आणि घोट्यासमोर रबरी पट्टा लावून मागे ओढत गुडघा पुढे नेण्याचा व्यायाम दिला. दीड महिन्याने उजवा आठपर्यंत आला आणि तिथेच थांबला. एक्स-रेत समोरच्या कडेला हाडाची छोटी वाढ दिसली. ती ताणून जाणार नाही. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच दीड-दोन सेंटिमीटर उंच असते, ती मुळात याच कामासाठी. तो आता तसले बूट घालून स्क्वॉट करतो, घडी गुडघ्याच्या पातळीला येते आणि समोरचा चिमटा बसत नाही. चिमटा पुन्हा बसायला लागला किंवा घोटा सुजला, तर वजन उतरवून डॉक्टरकडे जायचं, एवढंच मी त्याला बजावून ठेवलंय.