जिंकलात ना? मग 🤫 कुणासाठी?

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबाद, वर्ल्डकपची फायनल. कमिन्सचा चेंडू कोहलीच्या बॅटची आतली कड घेऊन स्टंपवर गेला आणि नव्वद हजारांहून जास्त लोकांचं स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. आदल्या दिवशीच कमिन्स म्हणाला होता की, एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प झालेलं ऐकण्यासारखं समाधान खेळात दुसरं नाही. त्या संध्याकाळी तुमच्या फोनवर कुणी 🤫 पाठवला असेल, तर तो अजून आठवत असेल. हरल्याचं दुःख होतंच, पण हा तोंडावर बोट ठेवलेला चेहरा जास्त झोंबला.

का झोंबला, ते नीट बघा. तो इमोजी कमिन्सच्या चेंडूबद्दल काहीच सांगत नव्हता. तो तुमच्याकडे बघून बोलत होता. मैदानावर खेळाडूने तोंडावर बोट ठेवलं तर तो त्याच्या कामाचा भाग असतो, शिवाय समोरची गर्दी त्याला दिवसभर डिवचत असते. आपण सोफ्यावर बसून तेच करतो तेव्हा आपण खेळलेलोही नसतो आणि समोरचाही खेळलेला नसतो.

मॅच चालू असताना कॉलेजच्या पेजवर किंवा हॉस्टेलच्या ग्रुपवर ओव्हरमागून ओव्हर पोस्ट टाकणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट बघावी: इमोजीचं तोंड कुणाकडे आहे? चेंडूकडे, आपल्या टीमकडे, की समोरच्या फॅनकडे? पहिल्या दोन दिशांना तुम्ही कितीही धुमाकूळ घाला. 🔥, 🤯, 🎯, 💥, 🥳, आपल्या टीमच्या रंगाचं हार्ट, काहीही. हरणाऱ्याला त्याचा कंटाळा येईल, अपमान वाटणार नाही. 🤫, 🤡, 🤣, 👋 आणि 🧂 यांचं तोंड मात्र बहुतेक वेळा फॅनकडेच असतं.

आता हे एका खऱ्या मॅचवर लावून बघू. आयपीएल २०१९ ची फायनल, १२ मे, हैदराबाद, मुंबई विरुद्ध चेन्नई. पुण्यातल्या हॉस्टेलमध्ये ही मॅच बघितली असेल तर एक लक्षात असेल की, खोलीत पिवळेवालेही भरपूर होते. त्याला कारणही आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, चेन्नईचे घरचे सामने कावेरी आंदोलनामुळे गहुंजेला हलवले होते आणि त्यांचे फॅन खास ट्रेनने पुण्यात आले होते. म्हणजे पोस्ट टाकणारा मुंबईचा असला, तरी वाचणारे सगळे निळे असतील असं धरून चालत नाही.

मुंबईच्या १४९ धावा. चेन्नईच्या डावात धोनी २ धावांवर रनआउट. थर्ड अंपायरने बराच वेळ वेगवेगळे अँगल बघितले आणि मग आउट दिलं. त्यावर आजही वाद होतो. इथे 😂 टाकला तर चेन्नईवाला काय वाचेल? ‘तुमच्या हिरोवर अन्याय झाला, आणि आम्हाला मजा येतेय.’ 🎯 टाकला तर तोच आनंद ईशान किशनच्या थेट थ्रोवर जातो. वाद असलेल्या निर्णयावर हसणारा चेहरा कधीच टाकू नये, कारण त्या वेळी समोरचा निम्मा रागावलेला असतो आणि त्याला निमित्तच हवं असतं.

शेवटच्या ओव्हरला ९ हव्या होत्या, चेंडू मलिंगाच्या हातात. याच मलिंगाला आधीच्या एका ओव्हरमध्ये २० पडल्या होत्या. तेव्हा चेन्नईवाल्यांनी 👋 टाकून मुंबईला ‘बाय बाय’ केलं असेल, तर पुढच्या काही मिनिटांत ते त्यांच्याच गळ्यात पडलं. मॅच चालू असताना निरोपाचा हात न हलवण्याचं हे दुसरं, थोडं स्वार्थी कारण. चौथ्या चेंडूवर वॉटसन ८० वर रनआउट झाला. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या असताना शार्दूल ठाकूर पायचीत, आणि मुंबई एका धावेने चॅम्पियन.

या क्षणी बोटं आपोआप नाचतात. नाचू देत. ‘मलिंगा!!! 🤯🏆💙💙’ यात काहीही वावगं नाही. शार्दूल आपला पालघरचा, म्हणून त्याच्यावर 🤡 टाकायला जास्तच हात शिवशिवतात, पण एका धावेने गेलेल्या फायनलमध्ये शेवटचा चेंडू ज्याच्या वाट्याला आला तो विदूषक कसा?

काही इमोजी मात्र एवढे सरळ नाहीत. सगळ्यात फसवा 😭. आपल्या पिढीत तो ‘हसून हसून मेलो’ म्हणूनही चालतो. पण हरलेला फॅन तो खरंच रडण्यासाठी वापरतो. त्याने लिहिलं, ‘एका रनने यार 😭’ आणि खाली तुम्ही मनापासून 😭 टाकलंत, तरी त्याला वाटणार की हा हसतोय. तिथे शब्द लिहावा. ‘वॉटसन काय खेळला!’ एवढंसुद्धा पुरतं.

👏 आणि 🙏 यांचंही तसंच. एक 👏 आणि सोबत खेळाडूचं नाव असेल तर ती दाद असते. नाव न लिहिता हरलेल्याच्या पोस्टखाली तीन-चार ठोकले की ते टोमण्याच्या टाळ्या होतात. 🙏 सुद्धा विकेट पडल्यावर नुसता टाकला तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाचला जातो. आणि 🙂 हा तर मराठी घरातल्या ‘बरं’सारखा आहे. सूर ऐकू आला नाही तर राग की प्रेम कळत नाही. नियम म्हणायचा तर एवढाच: इमोजी एकटा सोडायचा नाही, कुणाबद्दल आहे ते नाव सोबत लिहायचं.

म्हणजे चिडवायचंच नाही का? मला तसं वाटत नाही. ज्याच्याशी वर्षभर वडापावच्या पैशांवरून भांडण चालतं, त्याला तुम्ही 🤡 पाठवा. तोही पुढच्या मॅचला व्याजासकट परत करेल. पण तो मेसेज त्याच्या चॅटमध्ये राहू दे. दीडशे जणांच्या ग्रुपवर तोच इमोजी चेन्नईहून शिकायला आलेल्या, फर्स्ट इयरच्या, अजून कुणाशीच नीट ओळख न झालेल्या मुलालाही लागतो. त्याने ग्रुप म्यूट केला तर तुम्हाला कळणारही नाही. कळण्याची खूण एकच: हरलेल्या बाजूचे लोक मॅचनंतर लिहायचे थांबतात. पुढच्या सामन्याला ते परत बोलू लागले, तर तुमचं ठीक चाललंय. नाही बोलले, तर आदल्या रात्रीचे मेसेज वर जाऊन बघा.

आणि त्या फायनलचं शेवटचं पान दुसऱ्या दिवशी उघडलं. हरभजनने इन्स्टाग्रामवर सांगितलं की, वॉटसन गुडघ्याला जखम असताना, कुणाला न सांगता खेळत होता. पिवळ्या पॅन्टवर रक्ताचा डाग होता, मॅचनंतर सहा टाके पडले. रात्री रनआउटच्या व्हिडिओवर ज्यांनी 🤣 टाकले होते, त्यांच्यापैकी काहींनी सकाळी उठून ते हळूच डिलीट केले असणार. पण स्क्रीनशॉट काढणारे तोपर्यंत उठलेले असतात.