चोपन्न रुपयांचा संशय

महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला दूधवाल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो : ‘काकू, ऑक्टोबरचं दुधाचं बिल ३४१४ झालं. ३ खाडे वजा केलेत. भाव ८० झालाय. पैसे टाका.’ काकूंच्या घरी म्हशीच्या दुधाचा रोजचा दीड लिटरचा रतीब आहे. त्या लगेच हिशोबाला बसतात. एकतीसातून तीन गेले, अठ्ठावीस दिवस. दीड लिटरने बेचाळीस लिटर. ऐंशीने ३३६०. मग हे वरचे ५४ रुपये कसले?

फोन होतो. दूधवाला तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी दारात कॅन घेऊन उभा असतो. तो म्हणतो, ‘वहीत बघून सांगतो.’ सांगायचं राहून जातं. काकू पैसे देतात, पण दूधवाला थोडं वर लावतो, हे मनात पक्कं होतं.

या हिशोबात खरं तर एक रुपयाचीही चूक नाही. नवा भाव सोळा तारखेपासून लागला. त्याआधी तो ७८ होता, म्हणून पहिल्या पंधरवड्यात आलेल्या १८ लिटरवर ३६ रुपये कमीच लागले. कोजागरीला, म्हणजे सोळालाच, काकूंनी एक लिटर जादा घेतलं होतं, त्याचे ८० वाढले. सप्टेंबरचं बिल ३५१० होतं आणि काकूंनी सुटसुटीत ३५०० पाठवले होते, म्हणून १० रुपये बाकी आली. ऐंशी आणि दहा मिळवा, छत्तीस वजा करा, बरोबर ५४ उरतात. तीन खऱ्या गोष्टी एका आकड्यात विरघळल्या आणि त्यांतून एक खोटा संशय तयार झाला.

अशा निरोपावर ‘जरा नीट लिही’ म्हणून घरातलं कोणी शिकलेलं हात फिरवतं, तेव्हा बहुधा भलतंच काही होतं. ‘सन्माननीय ग्राहक’ येतात, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ येतं, जोडलेले हात आणि दुधाची बाटली येते. ३४१४ मात्र जसेच्या तसे राहतात आणि आता ते मखरात बसलेले असतात. दूधवाल्याला सभ्य भाषा शिकवायची गरज नाही. ‘काकू, पैसे टाका’ ही भाषा दोघांनाही चालते. गरज आहे ती वहीतल्या चार ओळी निरोपात उतरवण्याची :

काकू, ऑक्टोबर, म्हशीचं दूध, रोज दीड लिटर
खाडे : १२, १३, १४ (३ दिवस)
१ ते १५ : १२ दिवस, १८ लिटर × ७८ = १४०४
१६ ते ३१ : १६ दिवस, २४ लिटर + जादा १ लिटर (ता. १६) = २५ लिटर × ८० = २०००
ऑक्टोबरचे ३४०४
मागची बाकी १० (३५१० पैकी ३५०० आले)
एकूण ३४१४

एवढ्याने प्रत्येक आकडा वेगळा तपासता येतो. बारा आणि सोळा दिवस दुधाचे, तीन खाड्यांचे, मिळून एकतीस. ही बेरीज महिन्याच्या दिवसांशी जुळली नाही, तर पुढचं काही बघायलाच नको. खाड्यांची नुसती संख्या इथे कामाची नाही, तारखा हव्यात. पुष्कळ घरांत कॅलेंडरच्या चौकटीत खाडा मांडलेला असतो आणि तो तारखेशीच ताडून पाहता येतो. ‘तीन खाडे’ म्हटलं की वाद सुरू होतो, ‘१२, १३, १४’ म्हटलं की दोघंही कॅलेंडरकडे बघतात.

भाव बदललेल्या महिन्याच्या दोन ओळी करायच्या आणि दोन्हींत सुरुवातीची नि शेवटची तारीख लिहायची. ‘पंधरवड्यानंतर नवा भाव’ असं मोघम लिहिलं, तर सोळा तारखेच्या अडीच लिटरवर पाच रुपयांचा घोळ होतो. दिवसांच्या शेजारी लिटर असायलाच हवेत, कारण भाव लिटरचा असतो, दिवसाचा नसतो. रतीब अर्ध्या लिटरने वाढवला किंवा पाहुण्यांसाठी जादा दूध घेतलं, की दिवसांवरून केलेला गुणाकार फसतो. मागची बाकीही चालू महिन्याच्या रकमेत कालवू नये. ती खाली, वेगळ्या ओळीत आणि कशातून उरली ते सांगून यावी.

असा निरोप असला की चूक झालीच तर तीही स्वतःहून बोलते. फरक ११७ किंवा १२० रुपयांचा आला, तर तो एका दिवसाच्या दुधाचा आहे : ११७ जुन्या भावाने, १२० नव्याने. म्हणजे कुठला तरी खाडा एकाच्या लेखी आहे आणि दुसऱ्याच्या नाही, आणि तो कुठल्या पंधरवड्यात शोधायचा हेही कळलं. फरक ३६ चा आला, तर नवा भाव चुकून एक तारखेपासूनच लावला गेला आहे. नेमका ८० चा फरक म्हणजे जादा लिटर कोणीतरी विसरलं.

डब्याच्या बिलात आणखी एक गोष्ट लिहावी लागते. तिथे पैसे बहुधा महिन्याचे ठरलेले असतात, म्हणून एका खाड्याला किती कापायचे हाच वादाचा मुद्दा होतो. महिन्याचे ३१२० ठरले आणि रविवारी डबा नसेल, तर सव्वीस दिवसांनी भागून खाड्याचे १२० होतात, तीस दिवसांनी भागून १०४. दोन खाड्यांत ३२ रुपयांचं अंतर पडतं. कोणता भागाकार, हे डबा लावतानाच ठरवायचं आणि बिलात ‘२ खाडे × १२०’ असं उघड लिहायचं.

निरोप नीट करून देणाऱ्याने एक पथ्य पाळावं. आकडे वहीतलेच घ्यावेत, आपल्या मनाने काही भरू नये. वहीत खाड्याची तारीख नसेल, तर ती दूधवाल्याला विचारावी. बेरीज जुळावी म्हणून एखादी तारीख ठोकून देऊ नये. ३४१४ चे ३४०० करायचे असतील, तर ‘१४ सोडले’ की ‘१४ बाकी’ हे दूधवाल्याने ठरवायचं आणि तसं लिहायचं. नाही तर पुढच्या महिन्यात तेच चौदा रुपये भांडण होऊन परत येतात.

बारा तारखेला दूध खरोखर आलं होतं का, हे मात्र कितीही नेटक्या बिलावरून ठरत नाही. कोणी आदल्या रात्री जिन्यात तोंडी सांगतं, कोणी सांगायला विसरून गावाला जातं, पिशवी दाराला लटकत राहते आणि दूध नासतं. तो दिवस खाड्यात धरायचा की नाही, हे बिलाच्या दिवशी भांडून ठरत नाही. त्यासाठी ‘उद्यापासून तीन दिवस दूध नको’ हे गिऱ्हाइकाने त्याच व्हॉट्सॲपवर टाकावं आणि दूधवाल्याने खाली ‘बरं’ लिहावं. बिल तपासता यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी निदान आपल्या खाड्याची तारीख लिहून देण्याचे कष्ट घ्यावेत. दूधवाल्याकडे वही आहे. काकूंकडेही फोन आहे.