विश्लेषण : गाण्याला खोली हवी, पण शब्द का बुडतात?

घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित होणाऱ्या मराठी अभंग-भावगीतांची संख्या वाढली आहे. त्यातल्या अनेक गाण्यांत आवाज 'मोठा' वाटावा म्हणून रिव्हर्ब सढळ हाताने वापरला जातो आणि शब्द हरवतात. दोष रिव्हर्बचा नाही, तो लावण्याच्या पद्धतीचा आहे. शब्दप्रधान गाण्यात खोलीचे मुख्य काम डिलेकडे द्यावे आणि रिव्हर्ब आखूड ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे.

शब्द नेमके कशामुळे पुसट होतात?

रिव्हर्ब म्हणजे खोलीच्या भिंतींवरून परतणाऱ्या असंख्य प्रतिध्वनींचा सलग पडदा. डिले म्हणजे ठरावीक वेळाने येणारी सुटी पुनरावृत्ती. गाताना स्वर लांब आणि जोरकस असतात, व्यंजने क्षणभराची आणि क्षीण. आधीच्या स्वराची रिव्हर्बमधली शेपूट पुढच्या व्यंजनावर पसरली, की ते झाकले जाते. मराठीत याची किंमत जास्त मोजावी लागते. 'पाट' आणि 'पाठ', 'ताट' आणि 'थाट' यांतला फरक निव्वळ हवेच्या एका झोताचा आहे.

रिव्हर्ब किती लांब असावा?

समजा, अभंगाची लय मिनिटाला ८० मात्रांची आहे. ६०,००० मिलिसेकंदांना ८० ने भागले की एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची येते. मात्रेला दोन अक्षरे असतील, तर दर ३७५ मिलिसेकंदांनी नवे अक्षर येते. रिव्हर्बचा 'डिके टाइम' म्हणजे शेपूट ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. तो अडीच सेकंद ठेवला, तर पुढचे अक्षर येईपर्यंत शेपूट जेमतेम ९ डेसिबल उतरते. १.३ सेकंद ठेवला, तर सुमारे १७ डेसिबल. शब्द सुटे ऐकू येतात की नाही, ते बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

प्री-डिलेचा उपयोग काय?

मूळ आवाज आणि रिव्हर्ब सुरू होणे यांच्यातली फट म्हणजे प्री-डिले. ती शून्य असेल, तर अक्षराची सुरुवातच धूसर होते आणि गायक मागे सरकल्यासारखा वाटतो. आपल्या उदाहरणात मात्रेचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे ४७ मिलिसेकंद, ही चांगली सुरुवात आहे. व्यंजन कोरडे, स्पष्ट निघून जाते आणि पडदा त्यानंतर उघडतो. ही युक्ती नवी नाही. लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत आवाज प्रतिध्वनी-कक्षात पाठवण्याआधी टेपयंत्रातून फिरवून थोडा उशिरा सोडत. फट फार वाढवली, तर मात्र रिव्हर्ब वेगळ्या ठोक्यासारखा ऐकू येतो.

रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून साधारण ३०० हर्ट्झखालचा आणि ६,००० हर्ट्झवरचा भाग फिल्टरने काढावा. खालचा भाग गढूळपणा आणतो; वरच्या भागामुळे 'स', 'श', 'च' यांचा सिसकारा शेपटीत लांबत जातो.

मग खोली कुठून येणार?

डिलेमधून. तो अर्ध्या मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर ठेवावा. फीडबॅक इतकाच, की एक-दोन पुनरावृत्त्यांत तो विरावा. त्यालाही फिल्टर लावावा. व्यंजनांची धार गेलेली पुनरावृत्ती मूळ शब्दाशी स्पर्धा करत नाही. तरीही ती नेमकी पुढच्या अक्षरावर पडते. त्यावर उपाय म्हणजे डिलेच्या वाटेवर कॉम्प्रेसर बसवून त्याला मूळ आवाजाचा इशारा देणे. गायक गात असताना डिले ६ ते ८ डेसिबल दबतो आणि ओळ संपताच मोकळ्या जागेत वर येतो. खोली जाणवते ती तिथे, दोन ओळींच्या मधल्या फटीत.

हाच नियम सगळीकडे लागू का?

नाही. आलापात शब्द नसतात, तिथे अडीच सेकंदांचा रिव्हर्ब शोभतो. तेवढ्या भागापुरता तो वाढवून अंतरा सुरू होताच उतरवता येतो. उलट, घुमणाऱ्या सभामंडपात प्रत्यक्ष कार्यक्रम असेल, तर वास्तूचाच रिव्हर्ब पुरेसा असतो; वर आणखी ओतणे म्हणजे शब्दांवर पाणी सोडणे.

प्रमाण जमले हे कसे ओळखावे?

गाणे मोबाइलच्या स्पीकरवर, हळू आवाजात, ज्याला शब्द माहीत नाहीत अशा माणसाला ऐकवावे आणि ओळी लिहून घ्यायला सांगावे. मिक्सिंग करणाऱ्याला काव्य पाठ झालेले असते. न उमटलेला शब्दही त्याला ऐकू येतो. म्हणून त्याच्या कानावर हा निर्णय सोडू नये. ऐकणारा जिथे अडखळेल, तिथे आधी डिके टाइम कमी करावा, मग प्री-डिले तपासावा. मुख्य आवाजाची पातळी वाढवणे हा शेवटचा उपाय, कारण आवाजाबरोबर त्याची शेपूटही तितकीच वाढते.