भावाचं मिसरूड, बहिणीची मिशी

मुलाच्या ओठावर काळी रेघ उमटली की घरात कौतुक होतं, "मिसरूड फुटलं, पोरगं मोठं झालं!" त्याच वयात बहिणीच्या ओठावर तशीच रेघ दिसली की सूर बदलतो, "अगं, जरा पार्लरला जाऊन ये."

खरं तर दोघांच्याही अंगावर केसांची मुळं सारखीच असतात. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकं वाढतात आणि मऊ लव काही ठिकाणी राठ केसांत बदलते. ही संप्रेरकं मुलींच्या शरीरातही असतात, फक्त कमी. म्हणजे ओठावरची, हातापायांवरची लव हा दोष नाही, अस्वच्छताही नाही.

तरी ती ठेवायची म्हटलं तर किंमत मोजावी लागते. सास्तूरहून लोहारा-उमरग्याला एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीचाच विचार करा. थ्रेडिंग केलं तर काही आठवड्यांत केस परत येतात, म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा फेरी. नाही केलं तर वर्गात टोपणनाव पडतं. लहान गावात ते वर्गापुरतं राहत नाही, बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्याही कानावर जातं. मग "तिचा चॉइस आहे" असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत एक मुलगी ९८.५ टक्के मिळवून पहिली आली. तिचा फोटो व्हायरल झाला आणि लोकांनी गुण सोडून तिच्या चेहऱ्यावरचे केस पाहिले. राज्यात पहिली येऊनही तिला या किमतीतून सूट मिळाली नाही.

"पार्लरला जा" या सल्ल्यात आणखी एक धोका आहे. हनुवटी, छाती, पोटावर राठ काळे केस वाढतायत, सोबत पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबतेय, मुरुमं जात नाहीत, तर कारण पीसीओएस असू शकतं. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर तातडीने तपासणी हवी. थ्रेडिंगने फक्त खूण पुसली जाते, कारण आत तसंच राहतं. लाजेपायी मुलगी आईलाही सांगत नाही आणि डॉक्टरकडे जाणं वर्षानुवर्षं लांबतं.

आणि हो, रेझरने केस दाट होतात हाही गैरसमजच. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते टोचतं, एवढंच. कुणाला काढायचे असतील तर तिने खुशाल काढावेत.

पण ज्या मैत्रिणीने काढले नाहीत, तिला "अपर लिप्स कर ना" असं सुचवू नका. वर्गात कुणी "मिशीवाली" म्हणालं तर हसू नका, तिथेच थांबवा. टोपणनाव ठेवणारा एकच असतो, ते टिकवतात हसणारे. हसणाऱ्यांत आपण असतो.