मॉडेल आन्सर शेजारी ठेवा, पण शब्द जुळवत बसू नका

सणसवाडीत पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांची मुलं आज डिप्लोमाला आहेत. आई-बाप मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले, मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, आणि आता पुस्तक इंग्रजीत. परीक्षेच्या महिन्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: ‘सगळं लिहिलं होतं, तरी चारपैकी दीडच दिला.’ हा अडीच गुणांचा हिशेब घरी बसून लावता येतो. त्यासाठी क्लासची गरज नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ जुन्या प्रश्नपत्रिकांची नमुना उत्तरं, म्हणजे ज्यांना सगळे मॉडेल आन्सर म्हणतात, आपल्या संकेतस्थळावर टाकतं आणि ती फुकट मिळतात. मुलं ती उतरवतातही. पण वाचून पाठ करण्यासाठी. माझं आवाहन असं आहे की ती पाठ करण्यासाठी न वापरता तपासण्यासाठी वापरा, आणि तपासायला घरातल्या मोठ्यांनी बसा. मोठा भाऊ असेल, बहीण असेल, कंपनीत सुपरवायझर असलेले काका असतील, कुणीही चालेल.

आधी योग्य फाईल घ्या. विषयाच्या नावावर जाऊ नका, पेपरचा कोड बघा. आय स्कीमचे कोड पाच अंकी, के स्कीमचे सहा अंकी. विषयाचं नाव तेच असलं तरी स्कीम बदलली की धडे मागेपुढे होतात, काही गळतात. जुन्या स्कीमचं उत्तर शेजारी ठेवून ‘हे सुटलं, ते सुटलं’ म्हणायचं आणि तो भाग अभ्यासक्रमातच नाही, असं होऊ देऊ नका.

फाईल उघडली की सगळे थेट पहिल्या उत्तराकडे जातात. त्याआधी पहिल्या पानावरच्या परीक्षकांसाठीच्या सूचना वाचा, कारण गुण कसे द्यायचे ते तिथेच लिहिलेलं असतं. त्याचा मतलब असा: उत्तर महत्त्वाच्या शब्दांवरून तपासावं, नमुना उत्तराशी शब्दाला शब्द लावून नाही. भाषेच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये. इंग्रजी आणि संवादकौशल्याचे विषय एवढेच याला अपवाद. आकृती हुबेहूब नसली तरी मुख्य भाग दाखवले असतील तर गुण द्यावेत. गणितात पायरीनुसार गुण द्यावेत. आणि 2021-22 पासून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून लिहू शकतो; तिथे संकल्पना जुळते का, एवढंच बघायचं. ‘माझं इंग्रजी कच्चं म्हणून गुण गेले’ असं मूल म्हणत असेल तर त्याला हे पान दाखवा. गुण बहुतेक वेळा इंग्रजीमुळे गेलेले नसतात.

आता पुढची कृती. मुलाने प्रश्न घ्यावा, घड्याळ लावावं, पुस्तक मिटून उत्तर लिहावं. 70 गुणांचा पेपर तीन तासांचा, म्हणजे चार गुणांच्या प्रश्नाला साधारण दहा मिनिटं येतात. तेवढीच द्या. मग मॉडेल आन्सर उघडा आणि उजवीकडचा गुणांचा रकाना बघा. आकृतीला किती, व्याख्येला किती, प्रत्येक मुद्द्याला किती, हे बहुतेक तिथे असतं. नमुना उत्तराचे तेवढेच तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा मुलाच्या उत्तरात शोधा. जॉब तपासताना आपण ड्रॉइंगवर मापं दिलेल्या जागाच मोजतो, पूर्ण जॉब डोळ्यांनी न्याहाळून ‘बरा वाटतो’ म्हणून पास करत नाही, इथेही तसंच.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. ‘मृदू पोलादाचा ताण-विकार आलेख काढून त्यावरील महत्त्वाचे बिंदू स्पष्ट करा’, गुण चार. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना हा प्रश्न ओळखीचा आहे. ताण म्हणजे स्ट्रेस, विकार म्हणजे स्ट्रेन. आकृतीला दोन आणि स्पष्टीकरणाला दोन गुण आहेत असं धरू. मुलाने एक रेषा सरळ वर नेली, थोडी वाकवली, पुन्हा वर चढवली आणि सगळ्यात उंच टोकाला ‘तुटतो’ असं लिहिलं. मध्ये एका ठिकाणी ‘यील्ड’ लिहिलं. खाली मजकूर असा: ‘लोड वाढवला की रॉड लांबतो. लोड काढला की परत पहिल्यासारखा होतो. नंतर यील्ड येतो, मग रॉड परत आला नाही. शेवटी जास्तीत जास्त लोडला रॉड तुटतो.’

नमुना उत्तरात सहा बिंदू असतात: प्रमाणमर्यादा, स्थितिस्थापक मर्यादा, वरचा यील्ड, खालचा यील्ड, कमाल ताण आणि तुटण्याचा बिंदू. घाईने तपासणारा म्हणेल, सहापैकी चार सुटले. पण हे बरोबर नाही. ‘लोड काढला की परत पहिल्यासारखा होतो’ या वाक्यात स्थितिस्थापक मर्यादेची कल्पना आहे, फक्त नाव नाही आणि आकृतीवर जागा दाखवलेली नाही. हा मुद्दा सुटलेला नाही, अर्धा आहे. प्रमाणमर्यादा मात्र खरोखर सुटली. रेषा सरळ काढली, पण ती सरळ का, तर तिथपर्यंत ताण विकाराच्या प्रमाणात वाढतो, हे कुठेच नाही. वरचा आणि खालचा यील्ड वेगळे दाखवले नाहीत, हाही सुटला, आणि मृदू पोलादाच्या आलेखाची ओळखच ती असल्यामुळे हा मोठा. अक्षांना नावं नाहीत. उभ्यावर ताण, आडव्यावर विकार एवढं लिहायला चार सेकंद लागतात आणि इथे गुण हमखास कापला जातो.

शेवटचा मुद्दा तर वेगळ्याच जातीचा आहे. रॉड सर्वोच्च बिंदूला तुटतो असं मुलाने काढलं, हे सुटणं नाही, हे चुकणं आहे. कमाल ताणानंतर रॉडला एका जागी मान पडते, तिथला छेद झपाट्याने बारीक होतो आणि त्याला पेलणारा लोड कमी होतो. आपण ताण काढताना मात्र लोडला मूळ क्षेत्रफळानेच भागत राहतो. म्हणून आलेख खाली वळतो आणि तुटण्याचा बिंदू कमाल ताणाच्या खाली येतो. हे मुलाला माहीतच नसेल तर ‘एक बिंदू सुटला’ असं लिहून काही उपयोग नाही, तो भाग पुन्हा शिकावा लागेल. सुटलेला मुद्दा आठवणीने भरतो, चुकलेला समजुतीनेच. अशा सगळ्या मुद्द्यांची यादी करा आणि तिच्यात या दोन्हींना वेगळ्या खुणा करा.

आता यादी कशी लिहायची. ‘आकृती नीट नाही’, ‘स्पष्टीकरण कमी’ असले शेरे लिहू नका, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. असं लिहा: ‘उभ्या-आडव्या अक्षाला नाव नाही. वरचा-खालचा यील्ड आकृतीवर वेगळे हवेत. प्रमाणमर्यादेपर्यंत ताण विकाराच्या प्रमाणात, हे वाक्य हवं. स्थितिस्थापक मर्यादा: कल्पना आहे, नाव घाल. तुटण्याचा बिंदू: चूक, कमाल ताणाच्या खाली येतो, का ते समजून घे.’ प्रत्येक ओळ वाचून मूल लगेच पेन उचलू शकलं पाहिजे. शेजारी अंदाजे गुण लिहा, अर्धा किंवा एक. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. कोणता मुद्दा महाग आणि कोणता स्वस्त, एवढं कळलं की पुरे.

याच्या उलट एक चूक हुशार पालक करतात, ती म्हणजे जास्तीची यादी. प्रश्नात ‘कोणतेही चार फायदे’ विचारलेले असतात आणि मॉडेल आन्सरमध्ये आठ दिलेले असतात, कारण परीक्षकाला कोणतेही चार ओळखता यावेत. मुलाने त्यातले चार बरोबर लिहिले तर उरलेले चार सुटलेले नाहीत. आणि त्याने लिहिलेला एखादा फायदा यादीत नसूनही खरा असेल तर तो पुस्तकात बघा, लगेच फुली मारू नका. नमुना उत्तरं माणसांनीच लिहिलेली असतात. त्यातही छपाईच्या चुका सापडतात, कधी गणितात स्थिरांक वेगळा धरलेला असतो. उत्तर जुळलं नाही म्हणून मुलाला दोष देण्याआधी आकडेमोड एकदा स्वतः करून बघा.

गणितात तर फक्त शेवटचं उत्तर जुळवणं म्हणजे तपासणीच नव्हे. 20 मिमी व्यासाचा, 2 मीटर लांबीचा पोलादी रॉड, ओढ 40 किलोन्यूटन, E 200 गिगापास्कल. लांबीतली वाढ काढा. क्षेत्रफळ 314.16 चौ. मिमी, ताण 127.32 न्यूटन प्रति चौ. मिमी, विकार 0.000637, वाढ 1.27 मिमी. मुलाचं उत्तर 0.32 आलं. त्याने क्षेत्रफळात व्यासाच्या वर्गाला चाराने भागलंच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक आहेत. त्याच्या यादीत एकच ओळ हवी: ‘क्षेत्रफळाच्या सूत्रात 4 राहिला.’ आणि शेवटी एकक लिहिलं नसेल तर दुसरी. ‘गणित चुकलं’ असा शेरा दिला तर तो उगाच सगळं प्रकरण पुन्हा करत बसेल.

पाच-सहा उत्तरं अशी तपासून झाली की याद्या एकाखाली एक ठेवा. मुद्दे वेगवेगळे दिसतात, पण सवयी त्याच त्या निघतात. एखाद्याच्या प्रत्येक आकृतीत नावं नसतात. एखादा ‘व्याख्या सांगून एकक लिहा’ या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग वाचतच नाही. ‘फरक स्पष्ट करा’ला एखादी दोन परिच्छेद लिहिते, एकाच निकषावर समोरासमोर मुद्दे मांडत नाही. विषय बदलला तरी ही गळती बदलत नाही, म्हणून आधी हीच बुजवा. तपासलेलं उत्तर त्याच दिवशी पुन्हा लिहून घेऊ नका. मॉडेल आन्सर डोळ्यांसमोर ताजं असतं आणि मूल ते उतरवून काढतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग तोच प्रश्न, तीच दहा मिनिटं.

या याद्या निकालानंतरही फेकू नका. अपेक्षेपेक्षा गुण कमी आले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती बघून पुनर्तपासणीचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, पैसे भरावे लागतात, कॉलेजमध्ये लगेच विचारा. छायाप्रत हातात आली की त्या सत्राचं मॉडेल आन्सर मंडळाने टाकलं असेल तर ते घेऊन हेच करा. मुद्दे लिहिलेले आहेत आणि गुण दिलेले नाहीत, असं दोन-तीन ठिकाणी स्पष्ट दिसलं तर अर्ज करा. मुद्देच नाहीत, असं दिसलं तर तेच पैसे पुढच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवा.