तारीख हलली, कलम गेलं

‘स्टार सिटिझन’ या अंतराळातल्या गेमला उशीर झाला, याचा मला राग नाही. सॉफ्टवेअर लांबतंच, मीही तेच काम करतो. 2012 साली किकस्टार्टरवर त्यांनी नोव्हेंबर 2014 ही अंदाजे तारीख दिली होती. राग आहे तो अटींचा. तारखेनंतर अठरा महिन्यांत गेम आला नाही, तर न वापरलेले पैसे परत मागता येतील, असं आधी लिहिलेलं होतं. 2016 मध्ये ती मुदत भरली आणि त्याच सुमारास नव्या अटींतून ते कलमच गायब! किकस्टार्टर स्वतः पैसे परत देत नाही. म्हणून ट्रेलर सोडा. जास्तीचे पैसे आल्यावर टीमनं आधीचं काम संपवलं की आणखी जहाजं कबूल केली, ते बघा. आणि पैसे भरताना अटींचा स्क्रीनशॉट काढा.