कलप तोच, केस वेगळे

वर्धा जिल्ह्यात लग्नसराई भर उन्हाळ्यात येते आणि कलपाची एकच वाटी घरातल्या दोघी-तिघींत फिरते. समजा, धाकट्या जावेचे केस सरळ आणि बारीक आहेत, थोरलीचे जाड आणि राठ. दोघी अर्ध्या तासाने डोके धुतात. धाकटीचे केस शाईसारखे काळेकुट्ट होतात, थोरलीच्या कानशिलावरचे पांढरे केस मात्र तपकिरीच राहतात. मग पाकिटाला बोल लावला जातो.

केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. कलपातला अमोनियासारखा घटक ते फुगवून उघडतो आणि पीपीडी या रसायनाचे बारीक, बिनरंगी रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते आतच एकमेकांना जोडले जातात, मोठे व रंगीत होतात आणि अडकून पडतात. बारीक केसाची जाडी साधारण ५० मायक्रॉन धरली आणि राठ केसाची १००, तर जाडी दुप्पट, पण रंगवायचा ऐवज चौपट होतो. त्यात पांढऱ्या राठ केसाचे खवले बहुधा घट्ट बसलेले असतात. म्हणून बारीक केस रंग झटकन पितो आणि राठ केस रेंगाळतो.

थोरली यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी कलप दीड तास ठेवते. हा उपाय चुकीचा आहे. कालवल्यापासून पाऊण तासात रसायनांची क्रिया बहुतेक संपलेली असते. पुढे रंग चढत नाही, फक्त टाळूचा पीपीडीशी संपर्क वाढतो. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात, पंख्याखाली बसल्यास लेप त्याआधीच सुकतो आणि सुकलेल्या लेपातून रंग आत जात नाही.

पाकिटावरची कमाल वेळ ३५ मिनिटे असेल, तर थोरलीने आधी कानशिलापासून सुरुवात करावी. बटा पातळ घ्याव्यात, लेप जाड द्यावा. धाकटीने दहा-बारा मिनिटांनी, ताजे कालवून लावावे आणि विसाव्या मिनिटाला एक बट पुसून पाहावी. रंग चढला असेल तर लगेच धुवावे. आधी रंगवलेल्या टोकांना पुन्हा लेप नको, ती रंग फार ओढतात. आपला केस कोणता, हे चिमटीत एक केस फिरवून कळते. बारीक केस जाणवतही नाही, राठ केस दोऱ्यासारखा लागतो.

पापण्या सुजणे, टाळूला खाज येणे ही पीपीडीची ॲलर्जी केसांच्या जाडीवर ठरत नाही. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडा कलप लावून पाहावा, ‘काळी मेहंदी’ असली तरी. तीतही अनेकदा पीपीडीच असते. पीपीडीबाबतचा इशारा पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या शेजारी बारीक आणि राठ केसांसाठी वेगवेगळी वेळ, वाचता येईल अशा अक्षरांत मराठीत छापायला उत्पादकांना जागा कमी पडू नये.